वळणाच्या पायवाटेला दगड किती लागतात? आधी वायर टाका, मग दुकानात जा

ताईकडे तळेगावला घराच्या मागे छोटी बाग आहे, मधोमध एक जुना आंबा, आणि मागच्या दारापासून पाण्याच्या टाकीच्या ओट्यापर्यंत पावसाळ्यात नुसता चिखल. तिथे दगड टाकून पायवाट करायची असं दोन वर्षं चाललं होतं, शेवटी दाजींनी मनावर घेतलं. दारातून टाकीपर्यंत सरळ टेप टाकला, ९ मीटर आणि वर थोडं आलं, फोनवर भागाकार केला आणि दीड फुटी शहाबादीचे १५ दगड घेऊन आले. वाट मात्र सरळ नव्हतीच. आंब्याला वळसा घालून, मग उलट्या बाजूला वळून टाकीकडे जाणारी होती. मांडायला घेतले तर टाकीच्या अलीकडे दीड मीटरवर दगड संपले. परत दुकानात गेले तर तो लॉट संपलेला, नवीन माल पिवळसर आणि अर्धा सूत जाड. दाजी म्हणाले, "चालतंय, टाकीजवळ कोण बघतंय." ताई म्हणाली, "मी बघते ना रोज."

मग ते १५ दगड पुढच्या दारी गाडीच्या जागेत गेले आणि मागची वाट आम्ही पहिल्यापासून मोजून केली. तो हिशोब इथे पूर्ण लिहितोय, कारण सरळ वाटेचं गणित सगळ्यांना येतं, वळणात काय होतं ते कुणी सांगत नाही.

पहिलं काम : वाट जमिनीवर काढा आणि वळणावरून मोजा

वाटेची लांबी म्हणजे तुम्ही चालता ती लांबी, म्हणजे वाटेच्या मधल्या रेघेवरून मोजलेली. ती मोजायला आधी रेघ हवी. बागेचा पाइप टाकून वळण काढतात, तेही चालतं, थंडीत पाइप कडक असतो तो जरा वेळ उन्हात टाकला की नीट वळतो. पण मला जुनी जाड इलेक्ट्रिकची वायर जास्त बरी वाटते, टाकली तशी पडून राहते आणि ताणली तरी लांब होत नाही. नायलॉनची दोरी मात्र या कामाला नकोच, ओढाल तेवढी वाढते आणि दहा मीटरला सहज वीतभर फसवते.

वायर टाकली की तिच्यावरून दोन-चारदा चालून बघा. कागदावर सुंदर दिसणारी नागमोडी वाट चालताना नको होते, माणूस कोपरा कापूनच जातो आणि महिन्याभरात गवतावर दुसरी पायवाट पडते. म्हणून वळणाच्या आत काहीतरी कारण पाहिजे, झाड, कुंडी, तुळस, काहीही. आमच्याकडे आंबा होता म्हणून पहिलं वळण आपोआप पटलं. दुसऱ्याच्या आत ताईने कर्दळ लावली.

वळण पसंत पडलं की वायरवरून फक्की टाका. क्रिकेटच्या मैदानावर रेघा मारतात तीच पांढरी पूड, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मग दोन्ही टोकांना वायरला चिकटपट्टी लावून खूण करा, वायर उचला, अंगणात सरळ पसरा आणि टेपने मोजा. झालं. यात काही भूमिती नाही.

आमचं आलं १०४० सेमी. दाजींचा सरळ टेप होता ९०७ सेमीचा. म्हणजे वळणांनी १३३ सेमी खाल्ले, आणि १३३ सेमीत मधली जागा धरून दोन दगड अख्खे बसून तिसऱ्याचाही थोडा भाग बसतो. दाजींना दगड का कमी पडले त्याचं उत्तर हे.

अजून एक चूक लोक करतात, वाटेच्या एका कडेने मोजतात कारण कडेला वीट किंवा बॉर्डर असते आणि टेप धरायला सोपं पडतं. वाट एकदाच काटकोनात वळत असेल तर ४५ सेमी रुंद वाटेची आतली कड मधल्या रेघेपेक्षा ३५ सेमीने लहान असते आणि बाहेरची तेवढीच मोठी. गंमत म्हणजे वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो, फक्त वाट किती रुंद आणि एकूण किती वळली यावर तो ठरतो. आमच्यासारखी वाट आधी डावीकडे आणि मग तेवढीच उजवीकडे वळत असेल तर एका वळणात कमी झालेलं दुसऱ्यात भरून निघतं आणि दोन्ही कडा सारख्याच येतात. पण एवढा विचार करत बसण्यापेक्षा मधली रेघच मोजा.

दुसरं काम : पाऊल मोजा

इथे सगळे दगडापासून सुरू करतात, "माझ्याकडे दीड फुटी दगड आहे, मध्ये किती गॅप ठेवू?" माझं म्हणणं उलटं आहे. आधी पाऊल ठरवा. एका दगडाच्या मध्यापासून पुढच्या दगडाच्या मध्यापर्यंतचं अंतर, त्याला मी टप्पा म्हणतो, म्हणजे दगड अधिक एक गॅप. पाय दगडाच्या साधारण मध्यावर पडतो, त्यामुळे टप्पा आणि पाऊल जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर एक पाय दगडावर आणि एक चिखलात, किंवा प्रत्येक दगडाला लहान मुलासारखी उडी.

मोठ्या माणसांच्या निवांत चालीला ५५ ते ६५ सेमीचा टप्पा बहुतेक जमतो. पण घरात जास्त कोण चालणार ते बघा. त्या टाकीवर रोज सकाळी आई जाते, हातात बादली, साडी, वय सत्तरच्या पुढे. म्हणून आईचं पाऊल घेतलं. ओल्या पायांनी फरशीवर नेहमीसारखं चालायला सांगितलं, आणि पहिल्या टाचेपासून अकराव्या टाचेपर्यंत मोजलं. अकराव्या, दहाव्या नाही, कारण दहा पावलं टाकली की ठसे अकरा होतात. ते आलं ५५० सेमी, म्हणजे पाऊल ५५. बादली भरलेली असताना अजून दोन-तीन सेमी कमीच असेल, आणि दाजींचं पाऊल ६८ आहे. दोघांना एकाच वाटेवर खूश करता येत नाही, पण लांब पाऊल टाकणारा माणूस पाऊल आखडून चालू शकतो, आखूड पावलाच्या माणसाला ओढून टाकायला लावलं की तो पडतो. त्यामुळे टप्पा ५५ ते ५८ च्या आत ठेवायचा असं ठरलं.

दगड ४५ चा, टप्पा ५८ धरला तर गॅप १३. हा पहिला अंदाज, नंतर बदलतो.

तिसरं काम : भागाकार, पण टोकं बघून

आता साधा भागाकार करून चालत नाही, टोकांना काय आहे ते बघावं लागतं. पंगतीत दहा पानं मांडली तर मधल्या मोकळ्या जागा नऊच होतात ना, तसंच हे. तीन प्रकार होतात.

वाट दगडानेच सुरू होते आणि दगडानेच संपते, म्हणजे दोन्ही टोकांना गवत किंवा माती आहे, तर गॅप दगडांपेक्षा एकने कमी. दगड = (लांबी + गॅप) ÷ (दगड + गॅप).

दोन्ही टोकांना काहीतरी पक्कं आहे, पायरी, ओटा, फरशी, आणि त्याच्यापासूनही गॅप सोडायचाय, तर गॅप एकने जास्त. दगड = (लांबी − गॅप) ÷ (दगड + गॅप).

एका बाजूला पायरी आणि दुसरीकडे मोकळं असेल तर दोन्ही सारखे, सरळ लांबी ÷ टप्पा.

आमच्याकडे एका टोकाला मागच्या दाराची पायरी, दुसऱ्या टोकाला टाकीचा ओटा. म्हणजे दुसरा प्रकार. १०४० मधून १३ गेले १०२७, भागिले ५८, आलं १७.७.

आता हा पॉइंट सात. लोक याला डोळे झाकून १८ करतात आणि गॅप १३ च ठेवतात. मग शेवटचा दगड ओट्याजवळ बसत नाही, तो कापायला लागतो किंवा चिकटवून बसवतात आणि शेवटचं पाऊल अडखळतं. त्यापेक्षा दगड पूर्ण आकड्यात ठरवा आणि गॅप परत काढा. एकूण लांबीतून सगळ्या दगडांची लांबी वजा करायची आणि गॅपच्या संख्येने भागायचं.

१८ दगड घेतले तर ८१० सेमी दगडांनी घेतले, उरले २३०, गॅप १९, म्हणजे एक गॅप १२.१ आणि टप्पा ५७.१. १७ घेतले तर गॅप १५.३, टप्पा ६०.३. १९ घेतले तर गॅप ९.३ च्या आसपास, टप्पा ५४.३.

आईच्या पावलाला १९ चा हिशोब सगळ्यात जवळचा दिसतो, आणि मी तेच घेणार होतो. पण वळण अजून बघायचं होतं.

जाता जाता एक गोष्ट सांगतो जी मला आधी कळली नव्हती. दगडाचा साइज बदलला तरी दगडांची संख्या फारशी बदलत नाही, जोपर्यंत टप्पा तोच आहे. ४५ च्या जागी ३० सेमीचा दगड घेतला आणि टप्पा ५७ च ठेवला तर गॅप २७ होतो, आणि भागाकार १७.८ येतो, म्हणजे परत १८ च. म्हणजे किती दगड लागणार हे वाटेची लांबी आणि पाऊल ठरवतं, दगडाचा साइज फक्त मधली जागा किती उरणार ते ठरवतो. म्हणून लांबीत मीटरभर चुकलात की जवळजवळ दोन दगड चुकले, दगडाच्या मापात सेंटीमीटर चुकलात तर ते गॅपमध्ये गुपचूप जिरून जातं.

तरी पण दगड टेपने मोजाच. दीड फूट म्हणजे खरे ४५.७ सेमी, पण दुकानातला दीड फुटी दगड ४४ ते ४५.५ काहीही निघतो, हाताने फोडलेला असेल तर चारही बाजू वेगळ्या. आम्ही आठ-दहा मोजले आणि सरासरी ४५ धरली.

चौथं काम : वळणात आतल्या बाजूला काय होतं

चौकोनी दगड वळणावर मांडले की ते पंख्यासारखे उघडतात. मधल्या रेघेवर गॅप १२ असला तरी आतल्या कोपऱ्यांत तो कमी होतो आणि बाहेरच्या कोपऱ्यांत वाढतो. सरळ वाटेवर हा प्रश्नच नाही, म्हणून सरळ वाटेचा हिशोब करून वळणावर गेलं की आत दगड एकमेकांना टेकतात आणि मग गवंडी बिचारा कोपरे उडवत बसतो.

किती कमी होणार ते काढायला वळणाची त्रिज्या लागते. झाडाभोवती गोल फिरवलं असेल तर सोपं, खोडाच्या मध्यापासून फक्कीच्या रेघेपर्यंत मोजा. मध्यच माहीत नसेल तर वळणावर एक सरळ दोरी अशी धरायची की तिची दोन्ही टोकं फक्कीच्या रेघेवर येतील, आणि दोरीच्या बरोबर मध्यापासून रेघ किती बाहेर गेलीय ते मोजायचं. ते वळणाचं पोट. दोरी २०० सेमीची घेतली तर दोरीचा वर्ग म्हणजे ४०००० भागिले आठ पट पोट, आणि त्यात अर्धं पोट मिळवायचं. आमच्या पहिल्या वळणाचं पोट ३५ आलं. ४०००० भागिले २८० म्हणजे १४२.९, अधिक १७.५, त्रिज्या १६० सेमी. दुसऱ्याचं पोट २४, तिथे त्रिज्या २२० आली. वळण छोटं असेल तर १०० सेमीची दोरी घ्या, वर्ग १००००. फक्त दोन्ही टोकं त्याच एका वळणात राहिली पाहिजेत, अर्धी दोरी सरळ भागावर गेली की उत्तर चुकलं.

आता मुख्य गोष्ट. गॅपमध्ये पडणारा फरक असा निघतो :

फरक = टप्पा × दगडाची रुंदी ÷ (२ × त्रिज्या)

रुंदी म्हणजे वाटेला आडवी बाजू. आतला गॅप म्हणजे मधला गॅप वजा हा फरक, बाहेरचा म्हणजे मधला अधिक फरक. हे तंतोतंत नाही, जवळपासचं आहे, पण बागेच्या कामाला मिलिमीटर कोण विचारतंय.

१८ दगडांचा पर्याय : ५७.१ गुणिले ४५ भागिले ३२०, फरक ८. म्हणजे आंब्याजवळच्या वळणावर आत गॅप ४ सेमी आणि बाहेर २०. दुसऱ्या वळणावर फरक ५.८, आत ६ सेमीच्या थोडं वर, बाहेर १८. चालेल.

१९ दगडांचा पर्याय : टप्पा ५४.३, फरक ७.६, मधला गॅप ९.३. आत उरतात कसेबसे पावणेदोन सेमी. कागदावर बसतं, जमिनीवर नाही, कारण हातफोडीचा एखादा दगड सेंटीमीटरभर मोठा निघतोच आणि तिथे दगडाला दगड टेकतो. आणि एवढ्याशा फटीत गवत धरत नाही, माती राहत नाही, फक्त पाला अडकतो आणि तो उचकटून काढायला लागतो. माझ्या हिशोबाने आत किमान ३ सेमी तरी पाहिजेत.

म्हणून १८ ठरले. आईच्या पावलापेक्षा टप्पा दोन सेमी जास्त झाला, तेवढं चालतं. १७ मध्ये आतला गॅप छान पावणेसात मिळत होता पण टप्पा साठच्या वर गेला आणि बाहेरची फट २४, साडीत बादली घेऊन तिथे पाय चुकला की घोटा गेला.

हाच हिशोब उलटा फिरवला की आपला दगड किती अरुंद वळण सहन करतो ते कळतं. टप्पा गुणिले रुंदी, भागिले दुप्पट (गॅप वजा ३). आमच्या १८ दगडांसाठी ५७.१ × ४५ ÷ १८.२ म्हणजे १४१. त्रिज्या १४१ सेमीच्या खाली गेली की चौकोनी दीड फुटी दगड नको. समजा कुणाकडे वळण १०० सेमीचंच आहे, तिथे फरक जवळजवळ १३ येतो आणि गॅप १२, दगड एकमेकांवर चढले. अशा वेळी वळण सैल करता आलं तर उत्तमच, नाहीतर त्या वळणापुरते ३० × ४५ चे दगड घ्या आणि ४५ ची बाजू वाटेला आडवी ठेवा. टप्पा तोच राहतो म्हणून संख्या बदलत नाही, गॅप मात्र २७ होतो आणि आत १४ उरतात. चालायला काही फरक पडत नाही कारण पाय मध्यावरच पडतो, आणि ३० सेमीत पाऊल आरामात मावतं.

गोल दगडांना ही कटकट नाही, त्यांना कोपरेच नाहीत. व्यास घालून तोच भागाकार करा आणि संपलं. वेड्यावाकड्या आकाराच्या फोडलेल्या फरशांचं काय करायचं विचाराल, तर आठ-दहा दगडांची चालण्याच्या दिशेची लांबी मोजून सरासरी घ्या. आणि मांडताना रुंद तोंड बाहेर, निमुळतं तोंड आत असं फिरवा, वळणात तो बेढब आकारच कामाला येतो. सरळ भागाला मात्र त्यातले सगळ्यात सपाट राखून ठेवा.

ऑर्डर

१८ लागतात, आणले २०. एक फुटण्यासाठी आणि एक नंतरसाठी, कारण नंतर तोच रंग मिळत नाही हे आपण बघितलंच. शहाबादी बहुतेक ठिकाणी स्क्वेअर फुटाने देतात, दीड बाय दीड म्हणजे सव्वादोन स्क्वेअर फूट, वीस दगडांचे ४५ स्क्वेअर फूट. पण दुकानात नग सांगा, आणि टेम्पोत चढताना मोजा. आम्हाला एका दुकानात "४५ फूट" म्हटल्यावर मोठे-छोटे मिसळून द्यायला निघाले होते, क्षेत्रफळ बरोबर आणि आपला टप्पा मातीत.

जाडी इंच-दीड इंच घ्या. पातळ फरशी खालून जरा पोकळ राहिली की एक दिवस मधोमध तडकते. आणि पॉलिश केलेला दगड, मग तो कडप्पा असो की कोटा, बागेत नको, पावसात त्याच्यावर उभं राहायची भीती वाटते. खरबरीत पाठ वर.

मांडणी

इथे एक सवय फार महागात पडते. एक दगड ठेवला, त्याच्यापुढे १२ सेमीचा लाकडी तुकडा धरला, दुसरा दगड ठेवला, परत तुकडा, असं करत जायचं. प्रत्येक वेळी अर्धा-एक सेमी इकडेतिकडे होतो आणि ते साठत जातं, अठराव्या दगडाला १५ सेमीची बोंब. शिवाय वळणात तो तुकडा नेमका कुठे धरायचा, आत की बाहेर, हेच कळत नाही.

त्याऐवजी तीच वायर परत कामाला घ्या. ती सरळ पसरून प्रत्येक दगडाच्या मध्याची खूण एकाच टोकापासून करा. पहिला मध्य म्हणजे एक गॅप अधिक अर्धा दगड, १२.१ अधिक २२.५, साधारण ३५ सेमीवर. पुढे प्रत्येक वेळी ५७.१ मिळवत जायचं : ९२, १४९, २०६, २६३, ३२०, ३७७, असं. शेवटची खूण १००५ वर येते आणि पुढे ओट्यापर्यंत परत ३५ उरतात. दोन्ही टोकांना सारखं उरलं म्हणजे हिशोब जमला, नाही उरलं तर बेरजेत कुठेतरी चुकलंय. खुणांना मी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. मग वायर फक्कीच्या रेघेवर परत तशीच टाकायची आणि प्रत्येक लाल खुणेवर दगडाचा मध्य आणायचा.

दगड फिरवायचा कसा, तर शेजारच्या दगडाकडे न बघता रेघेकडे बघून. रेघ दगडाच्या एका बाजूच्या मध्यातून आत शिरून समोरच्या बाजूच्या मध्यातून बाहेर पडली पाहिजे. वळणात सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे होईल, होऊ दे. आंब्याच्या वळणावर लागोपाठचे दोन दगड वीस अंशांनी फिरतात, ते डोळ्याला खूपच वाटतं आणि गवंडी हमखास म्हणतो, "दादा, वाकडं दिसतंय, जरा सरळ करू का?" नका करू देऊ. सगळे अठरा मांडून होईपर्यंत वाकडंच दिसतं.

सगळे नुसते जमिनीवर ठेवून झाले की एक दिवस तसेच राहू द्या. आम्ही आईला रिकामी आणि मग भरलेली बादली घेऊन चालवलं. पाचव्या आणि सहाव्या दगडावर ती आतल्या बाजूने चालत होती, वळणात सगळेच तसं करतात. म्हणून वळणातले चार दगड तसेच रेघेला काटकोनात ठेवून दोन-दोन सेमी आंब्याकडे सरकवले. फरक एवढासा, पण दुसऱ्यांदा ती खाली न बघता गेली.

खड्डा आणि कच

मग प्रत्येक दगडाच्या कडेने फावड्याच्या टोकाने खूण करायची, दगड शेजारी ठेवायचा आणि खणायचं. चार सेमीचा दगड, खाली पाच सेमी कच म्हणजे क्रशरवरचा दगडाचा बारीक चुरा, आणि दगड जमिनीच्या एक सेमी वर राहायला हवा, म्हणजे खड्डा आठ सेमी. अगदी जमिनीबरोबर बसवला तर पहिल्याच पावसात माती त्याच्यावर चढून बसते, आणि फार वर ठेवला तर ठेच लागते. लॉन मोव्हर फिरवणार असाल तर मात्र बरोबर लेव्हलला घ्या.

काळी माती असेल तर आठ सेमीवर भागत नाही. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते आणि दगड हलवून टाकते. तिथे अजून दहा सेमी खाली जाऊन मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने नीट ठोका आणि मग कच. ताईकडे मुरमाड जमीन होती म्हणून वाचलो.

कच किती आणायचा? खड्डा दगडापेक्षा थोडा मोठा, ५० × ५० धरा, जाडी ५ सेमी, असे अठरा. सगळं मिळून पाव घनमीटरच्या आतच, आठ घनफूट. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत साधारण सव्वा घनफूट मावतं, म्हणजे सात गोण्या, दाबल्यावर बसतो म्हणून आठ आणा. नदीची वाळू लागत नाही आणि परवडतही नाही, क्रशरचा कच जास्त घट्ट बसतो.

आंब्याजवळ खणताना मुळं लागली. अंगठ्याएवढी आणि त्याहून जाड मुळं आम्ही तोडली नाहीत, त्या दोन दगडांखाली कच कमी घातला आणि दगड सेमीभर वर राहू दिले, बाजूने माती चढवून उतार दिला. मूळ तोडून दगड लेव्हलला आणला असता तरी झाडाने पुढच्या काही वर्षांत नवीन मूळ घालून तो उचललाच असता.

कच पसरला की दगड ठेवून रबरी हातोड्याने चारही कोपऱ्यांवर हलकं ठोकायचं, मधोमध जोरात नाही. पोकळ आवाज आला की उचलायचा आणि तिथे मूठभर कच घालायचा. मग एका कोपऱ्यावर उभं राहायचं, समोरचा कोपरा उचलला तर अजून बसलेला नाही. वर स्पिरिट लेव्हल ठेवून एका बाजूला अगदी थोडा उतार द्या, दीड फुटाला अर्धा सेमी पुरतो, नाहीतर दगडावर पाणी साचून शेवाळ धरतं. गॅपमध्ये शेवटी बागेचीच माती भरली आणि लॉनचे तुकडे दाबले, वळणाच्या बाहेरच्या रुंद फटींत आधी, कारण तिथूनच माती वाहून जाते.

जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर सगळ्या दगडांवर परत एकदा चालून बघा. आमचा अकरावा डुगडुगायला लागला होता, खालून कच एका बाजूला सरकला होता, उचलून परत भरला, दहा मिनिटांचं काम. उरलेल्या दोन दगडांपैकी एक टेम्पोतून उतरवतानाच फुटला होता. दुसरा टाकीमागे भिंतीला टेकवून ठेवलाय आणि त्याच्यावर दाजींनी खडूने लिहिलंय, "हात लावू नये."